कणगी भरली, धान्य घरभर

सांगलीत बँकेत काम करणारा एक्केचाळीस वर्षांचा एक माणूस डोळ्यांसमोर आणू. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६६ किलो. हातपाय सडपातळ, फक्त शर्ट खोचला की पट्ट्यावर पोट थोडं पुढे येतं. घरचे म्हणतात, लग्नानंतर अंग भरलं. वार्षिक तपासणीत त्याचं रक्त तपासलं. एकूण कोलेस्टेरॉल १९०, एलडीएल ११०, एचडीएल ३३, ट्रायग्लिसराइड २३५, उपाशीपोटी साखर १०६, रक्तदाब १३४/८६. कोलेस्टेरॉल दोनशेच्या आत आणि साखर मधुमेहाच्या अलीकडे पाहून त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि कागद फाइलमध्ये ठेवून दिला.

हा माणूस मी समजावून सांगण्यापुरता उभा केला आहे. पण असे रिपोर्ट आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि त्यातले कितीतरी असेच फाइलमध्ये जातात. कमी एचडीएल, जास्त ट्रायग्लिसराइड आणि पोटावरची चरबी हे त्रिकूट भारतीय उपखंडातल्या माणसांत इतकं नेहमीचं आहे की ते वेगळं काही सांगतंय असं वाटतच नाही. प्रत्यक्षात आपल्याकडे हृदयविकार इतक्या लवकर का येतो, याचा बराचसा उलगडा याच त्रिकुटात आहे.

गोष्ट पहिल्यांदा ठळकपणे लक्षात आली ती भारताबाहेर. १९५९ साली सिंगापूरच्या डॉक्टरांनी शवविच्छेदनाच्या नोंदी तपासून एक निबंध लिहिला. एकाच शहरात राहणाऱ्या चिनी आणि भारतीय माणसांची तुलना केली, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार भारतीयांत कितीतरी पटींनी जास्त होता. पुढे दक्षिण आफ्रिका, पूर्व आफ्रिका, इंग्लंड, जिथे जिथे भारतीय गेले तिथे तिथे थोड्याफार फरकाने हेच दिसलं.

त्यावर नेमकं बोट ठेवलं ते लंडनच्या साऊथॉल भागातल्या अभ्यासाने. पॉल मॅककीग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस ते एकोणसत्तर वयाच्या सुमारे पावणेचार हजार स्त्री-पुरुषांची तपासणी केली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्यात पंजाबी शीख होते, गुजराती हिंदू होते, मुसलमान होते. खाणं वेगळं, चालीरीती वेगळ्या. शिखांत धूम्रपान जवळजवळ नाही, गुजरात्यांत बरेच शाकाहारी. तरीही हे सगळे गट एका बाजूला आणि युरोपीय दुसऱ्या बाजूला, असंच चित्र निघालं. मधुमेह युरोपीयांत ४ टक्के, तर दक्षिण आशियाई लोकांत १९ टक्के. ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी, रक्तात इन्सुलिन जास्त. चरबी नितंब-मांड्यांवर कमी आणि धडावर, पोटावर जास्त. तूप, मांस किंवा सिगारेट यांपैकी एकाच गोष्टीवर सगळं खापर फोडण्याची सोय या अभ्यासाने ठेवली नाही.

वयाचं काय? बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या हार्ट अटॅकचं सरासरी वय दक्षिण आशियात ५३ वर्षं निघालं. इतर सगळे देश एकत्र धरले तर ते ५८.८ होतं, आणि पश्चिम युरोपशी किंवा चीनशी तुलना केली तर अंतर दहा वर्षांच्या आसपास जातं. इथे एक शंका रास्त आहे. आपली लोकसंख्याच तरुण आहे, तेव्हा रुग्णही तरुण दिसणारच. या अंतराचा काही भाग नक्कीच तेवढ्यापुरता आहे. पण इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांची तुलना तिथल्याच, त्याच वयोगटातल्या लोकांशी केली तरी हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त निघाले, आणि हा जादा भार तरुण पुरुषांत सर्वांत ठळक होता.

हे का होतं, हे समजून घ्यायचं तर चरबी शरीरात कुठे साठते ते आधी पाहायला हवं. त्वचेखालची चरबी ही शरीराची कणगी आहे. जास्तीचं अन्न चरबीच्या रूपात तिथे नीट भरून ठेवलेलं असतं. लागेल तेव्हा काढता येतं, आणि तोवर ते कुणाला फारसा त्रास देत नाही. मांड्या, नितंब, दंड इथली चरबी या प्रकारची. पण प्रत्येकाची कणगी सारखी मोठी नसते. एखाद्याची तीस किलो वजन वाढलं तरी भरत नाही, तर एखाद्याची पाच किलोतच काठोकाठ होते. कणगी भरली तरी धान्य येतच राहिलं, तर ते घरभर सांडतं. शरीरात ते सांडतं आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात. पुढे आलेलं पोट म्हणजे सांडल्याची ही खूण.

आपली कणगी लहान का, याचा माग पुण्यात लागला. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साऊदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. बाळं लहान होती यात नवल नव्हतं. नवल होतं ते लहानपण कुठे होतं यात. स्नायू आणि पोटातले अवयव खूपच कमी होते, पण खांद्याच्या पाठीमागच्या कातडीच्या घडीत चरबी जवळजवळ तेवढीच होती. म्हणजे काटकसर झाली ती स्नायूंत, चरबीत नाही. बारीक दिसणारं हे बाळ आतून मात्र चरबीदार होतं.

२००४ मध्ये याज्ञिकांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचाच एक फोटो छापला. शेजारी शेजारी उभे असलेले दोन डॉक्टर, दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं. एक्स-रेच्या तंत्राने मोजलं तेव्हा युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्याच्या लेखी दोघं सारखेच होते.

स्नायू कमी असणं ही बाब चरबी जास्त असण्याइतकीच महत्त्वाची आहे, कारण जेवणातली साखर उचलणारं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. ते कमी असले किंवा इन्सुलिनला दाद देईनासे झाले, की साखर यकृताच्या वाट्याला येते आणि यकृत तिची चरबी करून टाकतं. अमेरिकेत येल विद्यापीठात जेराल्ड शुलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडपातळ, निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या तरुण पुरुषांची तपासणी केली, तेव्हा भारतीय वंशाच्या तरुणांच्या यकृतात गोऱ्या तरुणांच्या सुमारे दुप्पट चरबी होती. ही मुलं आजारी नव्हती. पण पुढे येणाऱ्या आजाराचं सामान आधीच गोळा होऊ लागलं होतं.

आता सांगलीच्या माणसाच्या रिपोर्टातले आकडे उलगडू. आतड्यांभोवतीची चरबी फार काळ जागेवर बसत नाही. तिच्यातली मेदाम्लं सुटतात आणि यातली बरीचशी थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतात. यकृताकडे आधीच साखरेपासून केलेली चरबी पडून असते. इतकी चरबी घरात ठेवणं परवडत नाही म्हणून यकृत ती कणांत भरून रक्तात रवाना करतं. या कणांना व्हीएलडीएल म्हणतात आणि त्यांच्यातला माल म्हणजे ट्रायग्लिसराइड. रिपोर्टातले २३५ हे या रवानगीचं माप.

रक्तात आल्यावर देवाणघेवाण सुरू होते. सीईटीपी नावाचं एक प्रथिन या कणांतलं ट्रायग्लिसराइड एचडीएलच्या कणांना देतं आणि बदल्यात त्यांचं कोलेस्टेरॉल काढून घेतं. ट्रायग्लिसराइड भरलेले एचडीएलचे कण यकृतातल्या एका विकरामुळे पुन्हा आकसतात, हलके होतात आणि मूत्रपिंडातून लवकर बाहेर पडतात. म्हणून एचडीएल ३३. ते स्वतंत्र कारणाने कमी झालेलं नाही. पहिला आकडा वाढला म्हणून दुसरा घटला.

हीच देवाणघेवाण एलडीएलच्या कणांशीही होते, आणि रिपोर्ट गप्प राहतो तो इथेच. एलडीएलचे कण आकसून लहान आणि घट्ट होतात. प्रयोगशाळा मोजते किंवा हिशेबाने काढते ते सगळ्या कणांतलं मिळून कोलेस्टेरॉल. कण किती आहेत ते ती सांगत नाही. पाच क्विंटल ज्वारी पन्नास किलोच्या पोत्यांत भरली तर दहा पोती होतात आणि पंचवीस किलोच्या पोत्यांत भरली तर वीस. ज्वारी तेवढीच, पोती दुप्पट. रक्तात फरक इतका मोठा नसतो, पण दिशा हीच असते. धमनीच्या अस्तरात शिरून अडकतात ती पोती, म्हणजे कण. त्यामुळे अशा माणसाचं ११० एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड ९० असलेल्या दुसऱ्या माणसाचं ११० एलडीएल सारखं धरता येत नाही. पहिल्याच्या धमन्यांवर जास्त कण आदळत असतात.

दहा वर्षं आधी का, याचं उत्तर इथून जवळ आहे. धमनीतला थर एका दिवसात तयार होत नाही. कणांची संख्या आणि ते किती वर्षं रक्तात फिरले, या दोन्हींचा तो साठा असतो. एखाद्याच्या पोटात चरबी पंचेचाळिशीनंतर सांडायला लागली, तर साठ्याला धोक्याची पातळी गाठायला साठी उजाडते. कणगी लहान असलेल्याची पंचविशीत, नोकरी लागून बैठं काम सुरू झालं की भरते. मग तीच पातळी पन्नाशीत येते, आणि सोबत तंबाखू असेल तर त्याही आधी. इंटरहार्टच्या दक्षिण आशियावरच्या २००७ मधल्या विश्लेषणाचा निष्कर्षही असाच होता. धोक्याची कारणं आपल्याकडे जगावेगळी नाहीत. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोट, कोलेस्टेरॉल-वाहक कणांचं बिघडलेलं प्रमाण, कमी व्यायाम, कमी फळं-भाज्या ही ओळखीचीच आहेत. फक्त ती इथे लहान वयातच एकत्र जमतात.

आपल्याकडे हे किती पसरलं आहे? आयसीएमआर-इंडियाब या पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचाही समावेश होता. त्यात ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी निघालं, सुमारे ३० टक्क्यांचं ट्रायग्लिसराइड जास्त, आणि एलडीएल मात्र फक्त १२ टक्क्यांच्या आसपास लोकांचं जास्त. म्हणजे ज्या आकड्याची आपण सर्वांत जास्त धास्ती घेतो तो बहुतेकांचा ठीक होता, आणि बिघाड दिसत होता तो शेजारच्या ओळींत.

एचडीएल कमी आहे तर ते वाढवणारी गोळी घ्यावी, हा विचार सहज मनात येतो. शास्त्रज्ञांच्याही मनात आला होता. सीईटीपी या प्रथिनाला अडवणारं टॉरसेट्रॅपिब नावाचं औषध तयार झालं, सुमारे पंधरा हजार रुग्णांवर त्याची चाचणी झाली, आणि एचडीएल खरोखरच ७० टक्क्यांहून अधिक वाढलं. पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले आणि २००६ च्या डिसेंबरात चाचणी थांबवावी लागली. पुढे नायसिननेही एचडीएल वाढलं, हार्ट अटॅक मात्र कमी झाले नाहीत. यातून शिकण्यासारखं ते हे, की कमी एचडीएल ही मुख्यतः खूण आहे. विहिरीचं पाणी खाली गेल्याचं दाखवणारी पट्टी वर ओढून पाणी वाढत नाही. त्यामुळे फक्त एचडीएल वाढवायला म्हणून काहीही घेण्यात अर्थ नाही. सांडणं थांबवावं लागतं, आणि गरज असेल तिथे स्टॅटिनसारख्या औषधाने कणांची संख्या कमी करावी लागते.

ही सांडण्याची गोष्ट सगळं काही सांगत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. साऊथॉलच्याच लोकांचा पुढे अनेक वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा दक्षिण आशियाई पुरुषांतले जास्तीचे मृत्यू साखर, इन्सुलिन आणि बाकी नेहमीची कारणं हिशेबात धरूनही पूर्ण उलगडले नाहीत. एक वेगळा धागा लायपोप्रोटीन-ए या कणाचा आहे. त्याची पातळी जवळजवळ पूर्णपणे आईवडिलांकडून येते. पोट कमी करून किंवा तेल सोडून ती हलत नाही. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आई किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्यावी. पातळी ५० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर बाकीच्या गोष्टींत डॉक्टर जास्त कडक राहतात.

आता तोच रिपोर्ट पुन्हा उघडू. पहिलं, कंबर मोजायची. पँटचा ३४ आकडा म्हणजे कंबर नव्हे, कारण पँट पोटाखाली नेसली जाते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप लावायची, पोट आत न ओढता, श्वास सहज सोडल्यावर. भारतीय पुरुषाची ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर ही मर्यादा. आपल्या माणसाची कंबर निघते ९४. बॉडी मास इंडेक्स येतो २३.४. युरोपीय मापाने तो अगदी ठीक, पण भारतीयांसाठी जास्त वजन २३ पासूनच मोजायचं असतं.

दुसरं, एक वजाबाकी करायची. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केलं की धमनीत अडकू शकणाऱ्या सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल हाती येतं, त्याला नॉन-एचडीएल म्हणतात. इथे १९० वजा ३३, म्हणजे १५७. हा आकडा साधारण १३० च्या आत हवा. यासाठी उपाशी राहायची गरज नसते. ट्रायग्लिसराइडसाठी मात्र दहा-बारा तास उपाशी राहिलेलं बरं, कारण आदल्या रात्रीच्या दारूने किंवा सकाळच्या नाश्त्याने ते सहज वाढतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर हिशेबाने काढलेल्या एलडीएलवर भरवसा ठेवता येत नाही.

तिसरं, पाच खुणा मोजायच्या. कंबर ९० च्या वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषांत ४० च्या आत (स्त्रियांत ५०), रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. यातल्या तीन जरी असल्या तरी सांडणं सुरू झालं आहे असं समजतात. या माणसाच्या पाचही आहेत, आणि त्याने कागद ठेवून दिला होता. संगणकावरची धोका मोजणारी साधनंही अशा वेळी दिलासाच देतात, कारण ती पुढच्या दहा वर्षांचा धोका मोजतात आणि वय कमी असलं की उत्तर कमी येतं. म्हणून अमेरिकेतल्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी दक्षिण आशियाई वंश हीच गोष्ट धोका वाढवणारी म्हणून वेगळी नोंदवली आहे.

असा रिपोर्ट हाती आला की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड पडते ती अंड्यावर आणि तुपावर. एका वेळी एक पोळी वाढते, भात वाढतो, उपवासाला साबुदाणा येतो, चहात साखर तशीच राहते. ट्रायग्लिसराइड तेवढंच राहतं किंवा वाढतं, कारण यकृताला चरबी करायला तेल लागत नाही, साखर आणि पिठूळ अन्न पुरतं. आयसीएमआर-इंडियाबच्याच ताज्या आहार-पाहणीत भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात असं दिसलं. तेव्हा कापायचं ते इथे. ताटात अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीला, डाळ-उसळ, दही, अंडं किंवा मासे यांतून प्रथिनं जास्त, आणि भात किंवा पोळी यांपैकी एकच. दारू असेल तर ती आधी बंद, कारण ती थेट यकृतातच जाते. व्यायामात चालण्यासोबत स्नायूंना ताण देणारा प्रकार हवा. उठाबशा, जोर, वजन उचलणं. स्नायू वापरले गेले की साखरेचं गिऱ्हाईक परत येतं आणि यकृतावरचा भार हलका होतो.

समजा, त्याने हे सहा महिने केलं आणि वजन ६६ वरून ६२ वर आणलं. आतड्यांभोवतीची चरबी सहसा आधी वितळते, त्यामुळे कंबर ९४ ची ८७ झाली. पुन्हा रक्त तपासलं. एकूण कोलेस्टेरॉल १७२, ट्रायग्लिसराइड १४०, एचडीएल ३७, एलडीएल १०७. एलडीएल फक्त तीनने खाली आलं आहे आणि एचडीएल अजून चाळिशीच्या आतच आहे. फक्त या दोन ओळी वाचणारा म्हणेल, सहा महिन्यांत काहीच झालं नाही. पण वजाबाकी केली तर नॉन-एचडीएल १५७ वरून १३५ वर आलं आहे. यकृत आता कमी कण रवाना करतंय. १३० गाठायला अजून थोडं बाकी आहे, आणि औषध लागेल की नाही हे ठरवायला त्याला हा कागद घेऊन डॉक्टरांपुढे बसावं लागेल. पहिल्या कागदावरही हे सगळं लिहिलेलं होतं. तेव्हा कंबर मोजली नव्हती आणि वजाबाकी केली नव्हती.